खोऱ्यावरचं झाकण: चिपळूणच्या एका धुराचं प्रकरण

गेले दोन हिवाळे आमच्या आळीत एकच वाद चालू होता. डिसेंबर संपत आला की पहाटे दार उघडताच घसा खवखवायचा, अंगणात धुराचा पडदा दिसायचा, आणि नऊ-सव्वानऊला अर्धा तास वेगळाच उग्र वास यायचा. दहानंतर सगळं स्वच्छ. आळीचा निकाल केव्हाच लागला होता: खोऱ्यातला एक कारखाना रात्रीच्या अंधारात गॅस सोडतो. कारखान्याचं उत्तरही ठरलेलं. आमचं उत्पादन चोवीस तास एकाच गतीने चालतं, रात्री जास्त काही सोडत नाही, तपासणीचे आकडे मर्यादेत आहेत.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून आळीतले लोक मला मास्तर म्हणतात आणि असले वाद माझ्या ओट्यावर आणून टाकतात. यातला एक धागा मला सुरुवातीपासून खटकत होता. वास खरोखर रात्री सोडलेल्या गॅसचा असेल, तर तो रात्री का येत नाही? सूर्य उगवून दोन तास झाल्यावर का येतो?

उत्तराची पहिली खूण दाखवली ती पेपर टाकणाऱ्या बापूंनी. पाच वाजल्यापासून ते सायकलवर असतात. म्हणाले, "मास्तर, तुम्ही साडेसहाला गच्चीवर या. न्हाणीच्या चुलींचा धूर बघा. सरळ वर जातो नि मग कापल्यासारखा आडवा होतो."

गेलो. खरंच, माडांच्या शेंड्यांच्या थोडा वर धूर थबकला होता आणि तिथून वरची हवा धुतल्यासारखी निवळ होती. परशुरामचा डोंगर निम्म्यापासून वर लख्ख दिसत होता, खालचा अर्धा दुधात बुडाल्यासारखा. दोन्हींमधली रेघ इतकी सरळ, की पट्टीने ओढली असं वाटावं. कारखान्याच्या धुराड्यातून निघालेला धूर त्या रेघेच्याही वर, एका चपट्या फितीसारखा, पश्चिमेकडे पसरला होता. तो खाली येतच नव्हता. म्हणजे साडेसहाला आमच्या घशात जे जात होतं, ते निदान त्या धुराड्याचं नव्हतं.

गारठा पाण्यासारखा उतरतो

चिपळूणची ठेवण माहीत नसेल त्याने एक ताट डोळ्यांपुढे आणावं. पूर्वेला कुंभार्ली घाटाची सह्याद्रीची भिंत, उत्तरेला परशुरामचा डोंगर, दक्षिणेला कामथ्याचा चढ, आणि मधल्या सखल पट्ट्यातून वाशिष्ठी पश्चिमेला गोवळकोटकडे आणि पुढे दाभोळच्या खाडीकडे जाते. 22 जुलै 2021 ला या ताटात पाणी कसं भरलं, ते अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. थंडीच्या रात्री त्याच ताटात गार हवा भरते. मजा म्हणजे पुराचं पाणी ज्या आळ्यांत आधी शिरतं, त्याच आळ्यांत गारठाही आधी जाणवतो. कारणही तेच. गार हवा जड असते आणि जड वस्तू सखल जागा शोधते.

सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशात फेकू लागते. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर ती उष्णता परत पाठवणारं वर कोणी नसतं. जमीन झपाट्याने निवते आणि तिला चिकटलेली हवाही निवते. डोंगरउतारावर अशी निवलेली हवा शेजारच्या मोकळ्या हवेपेक्षा जड होते आणि उतारावरून खाली ओघळते. अंगाला क्वचितच जाणवेल इतका तो वारा मंद असतो. पहाटेपर्यंत खोऱ्याच्या तळाशी गार हवेचं डबकं साचतं, आणि रात्रभर फारशी न निवलेली ऊबदार हवा त्यावर तरंगत राहते. एरवी वर जावं तसं गार होतं, इथे वर जावं तसं ऊब वाढते. शाळेच्या भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

कोकणात हे रोज घडत नाही. आमची हवा बहुतेक काळ दमट, आणि हवेतली वाफ जमिनीला पांघरुणासारखी असते. पण उत्तरेकडून कोरडी थंड हवा उतरली, वारा पडला आणि रात्र निरभ्र राहिली, की दोन-चार दिवस सलग असं डबकं साचतं. नेमक्या त्याच दिवसांत आंबा-बागायतदार मोहोरावर खूश असतात आणि आमची आळी खोकत असते.

काठीला बांधलेलं थर्मामीटर

हे नुसतं सांगून आळी ऐकणार नव्हती, म्हणून माझ्या एका विद्यार्थ्याला घेऊन मोजायला निघालो. साधन एकच: वायरच्या टोकाला संवेदक असलेलं साधं डिजिटल थर्मामीटर, वेळूच्या काठीला दीड मीटरवर बांधलेलं. नदीकाठापासून सड्यापर्यंत मोटरसायकलने चढायचं आणि ठरलेल्या जागी थांबून आकडा टिपायचा.

पहिला दिवस वाया गेला. विद्यार्थी मागे बसून काठी हातात धरत होता आणि इंजिनाची ऊब संवेदकाला लागत होती. प्रत्येक आकडा दोन अंशांनी फुगलेला. दुसऱ्या दिवसापासून गाडी बंद करायची, वीस पावलं लांब जायचं, पाच मिनिटं थांबायचं आणि मगच वाचायचं असं ठरवलं. शिवाय वर-खाली करण्यात पाऊण तास जातो, तेवढ्यात सगळ्या खोऱ्याचंच तापमान बदललं असेल तर तुलना खोटी ठरते. त्यामुळे परत नदीकाठी येऊन शेवटचा आकडा पुन्हा घ्यायचा. सूर्याचं ऊन संवेदकावर पडायच्या आत काम आटपायचं, नाहीतर हवेऐवजी उन्हाचं तापमान कळतं.

जानेवारीच्या मध्यातल्या एका निरभ्र पहाटे, सहाच्या सुमाराला, नदीकाठी 13 अंश होते. चढावर साधारण 60 मीटर उंचीला पंधराच्या वर, आणि दीडशे मीटरवरच्या सड्यावर 19. खाली परतल्यावर काठावर पुन्हा तेरालाच थोडा कमी, म्हणजे फरक खरा होता. सड्यावर विद्यार्थ्याने स्वेटर काढून हातात घेतला. "सर, इथे तर उकडतंय." उकडत नव्हतं, पण तेरामधून आलेल्याला एकोणीस असंच वाटणार.

चार दिवसांनी मळभ आलं. त्या पहाटे काठावर साडेएकोणीस आणि सड्यावर साडेअठरा. डबकं नाही, उलट वर किंचित गार. चुली त्याच, धूरही तेवढाच असणार, पण आळीत त्या दिवशी कोणी धुराचं नाव काढलं नाही. वादात हा दिवस मला सगळ्यात उपयोगी पडला, कारण कारखानाही त्या रात्री नेहमीसारखाच चालू होता.

धूर नेमका कुठे थांबतो

आता आडव्या रेघेचा हिशेब. हवेचा एखादा गोळा वर गेला की वरचा दाब कमी असल्याने तो फुगतो, आणि फुगताना स्वतःची उष्णता खर्चून निवतो. कोरड्या हवेत हा निवण्याचा दर दर 100 मीटरला जवळजवळ 1 अंश असतो आणि तो कुठेही बदलत नाही. धूर पुढे चढणार की थांबणार, हे ठरतं भोवतालची हवा त्याच उंचीवर किती ऊबदार आहे त्यावरून. गोळा भोवतालापेक्षा ऊबदार असेल तोवर तो हलका असतो आणि चढतो. बरोबरी झाली की थांबतो. त्यापुढे ढकलला, तर जड होऊन माघारी येतो. वातावरण स्थिर आहे असं म्हणतात ते या माघारी येण्यामुळे.

आमच्या आकड्यांवर हे बसवून बघू. तळाशी 13, दीडशे मीटरवर 19, म्हणजे भोवतालची हवा दर 100 मीटरला 4 अंशांनी ऊबदार होते. समजा, चुलीचा धूर आजूबाजूच्या गार हवेत मिसळत 20 मीटर वर गेला आणि तिथे त्याचं तापमान 16 उरलं. त्या उंचीवरची हवा 13.8 आहे. धूर 2.2 अंशांनी ऊबदार, म्हणून तो चढेल. पण चढताना दर 100 मीटरला धूर 1 अंश गमावतो आणि भोवताल 4 अंश कमावतो. दोघांतलं अंतर 5 अंशांनी मिटत जातं. 2.2 अंशांचं अंतर मिटायला 44 मीटर पुरतात. म्हणजे धूर 64 मीटरवर अडकला. प्रत्यक्षात तो वाटेत आणखी गार हवा ओढून घेतो, त्यामुळे त्याच्याही खालीच आडवा होतो. बापूंनी पाहिलेली सुरीची रेघ ती हीच.

दुपारी हाच धूर सोडला तर भोवतालची हवाही वर जाताना दर 100 मीटरला सुमारे 1 अंश निवत असते. दोघांतलं अंतर मिटतच नाही, आणि धूर शेकडो मीटर वर जाऊन पांगतो.

थंडीमुळे धूर खाली बसतो, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. थंड पण वाऱ्याच्या पहाटे धूर बिनदिक्कत वर जातो, कारण वारा गार आणि ऊबदार हवा घुसळून डबकं होऊच देत नाही. गारठा ही खूण आहे. कारण आहे ते वरच्या हवेची ऊब.

डब्याचा हिशेब

यातून घशापर्यंत किती पोचतं, त्याचा अंदाज बांधायला मी धरलेले आकडे घेतो, मोजलेले नाहीत. खोऱ्याचा वस्तीचा तळ 2 किलोमीटर रुंद, 4 किलोमीटर लांब आणि धूर अडवणारं वरच्या ऊबदार हवेचं झाकण 60 मीटरवर धरू. हा झाला आपला डबा. आता चार हजार घरांनी पहाटे किलो-किलोभर पातेरा, झावळ्या, सोडणं न्हाणीच्या चुलीत किंवा अंगणात जाळली. ओलसर पातेरा धुमसत जळतो, तेव्हा किलोमागे 10 ग्रॅमच्या आसपास अतिसूक्ष्म कण निघतात, ज्यांना PM2.5 म्हणतात. म्हणजे एकूण 40 किलो कण. ते डब्यात सारखे पसरले तर घनमीटरमागे सुमारे 83 मायक्रोग्रॅमची भर पडते. आपल्याकडे PM2.5 ची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा 60 आहे. तेवढाच धूर दुपारी 900 मीटर उंचीपर्यंत मिसळला, तर भर पडते 6 मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. धूर तेवढाच, डबा पंधरापट लहान झाला.

वाऱ्याचा हिशेब तर यात धरलाच नाही. पहाटे खोऱ्यातला वारा सेकंदाला 0.3 मीटर असेल, तर 4 किलोमीटरचा पट्टा धुऊन निघायला पावणेचार तास लागतात. दुपारी खाडीकडून येणारा वारा 4 मीटरचा धरला, तर सतरा मिनिटं.

इथे एक सावधगिरी. आळीतल्या एका हौशी तरुणाने हवा मोजणारं स्वस्त यंत्र आणलं आणि पहाटेचे भयंकर आकडे सगळ्यांना पाठवायला सुरुवात केली. ही यंत्रं कणांवरून परतणारा लेझरचा उजेड मोजतात. हवा फार दमट असली की कण पाणी पिऊन फुगतात, धुक्याचे थेंबही कण म्हणून मोजले जातात आणि आकडा अवाच्या सवा चढतो. मी त्याला म्हटलं, "अरे, धुक्याच्या दिवशीचा आकडा सोडून दे, वेळ तेवढी बघ. कधी चढला, कधी उतरला?" आकडा संशयास्पद असला तरी घड्याळ खोटं बोलत नव्हतं. त्याच्या आलेखात साडेसहा ते आठ असा एक रुंद उंचवटा होता, आणि नऊनंतर एक छोटा, टोकदार.

नऊ वाजताचा वास

तो छोटा उंचवटा म्हणजे या प्रकरणाचा खरा गाभा. जानेवारीच्या मध्यात चिपळूणला सूर्योदय सव्वासातच्या आसपास होतो, पण पूर्वेच्या डोंगरामुळे तळावर ऊन पडायला जवळजवळ आठ होतात. ऊन जमीन तापवतं आणि जमीन तिला लागून असलेली हवा. त्यामुळे डबकं वरून नाही, खालून फुटत जातं. तळाशी घुसळणीचा एक थर तयार होतो आणि त्याचा माथा हळूहळू वर सरकतो.

आता रात्रभर झाकणाच्या वर पसरलेली कारखान्याची ती चपटी फीत आठवा. घुसळणीचा माथा वर चढत तिच्यापर्यंत पोचला, की वरची हवा खाली आणि खालची वर अशी ढवळाढवळ सुरू होते. रात्रभर उंचावर, जेमतेम विरळ होत राहिलेला धूर काही मिनिटांत जमिनीवर उतरतो. हे सव्वानऊच्या सुमाराला होतं. अर्ध्या तासात माथा आणखी वर जातो, धूर पांगतो, वास संपतो.

म्हणजे आळीही खरी आणि कारखानाही खरा. त्यांनी रात्री जास्त काही सोडलं नव्हतं. पण रात्री सोडलेलंच सकाळी नऊला आमच्याकडे येत होतं. आणि त्यांची तपासणी होते दुपारी, झाकण नसताना, म्हणून आकडे मर्यादेत. या शेवटच्या मुद्द्यावर मात्र मी कारखान्याला सूट द्यायला तयार नाही. खोऱ्यात धुराडं उभारणाऱ्याने पहाटेची मोजणी करायलाच हवी.

दहाचा ठोका का, तेही हिशेबात बसतं. दीडशे मीटर जाडीचं ते गार डबकं वरच्या हवेच्या बरोबरीला आणायला चौरस मीटरमागे सुमारे 7 लाख ज्यूल उष्णता लागते. कोवळ्या उन्हातून हवेच्या वाट्याला चौरस मीटरमागे सरासरी 100 वॉट आले तर दोन तासांत काम होतं. आठला ऊन, दहाला मोकळं. पण दव जड पडलं असेल तर गोष्ट लांबते. 0.2 मिलिमीटर दव वाळवायला चौरस मीटरमागे 5 लाख ज्यूल जातात, म्हणजे हवा तापवायला लागतात त्याच्या जवळपास. गवत चिंब असलेल्या सकाळी वास साडेनऊच्या पुढे सरकतो, हे आम्ही नंतर मुद्दाम बघितलं. धुकं असेल तर ते ऊन परतवून लावतं आणि आणखी उशीर होतो.

आमचं झाकण रोज उघडतं ते सूर्याच्या कृपेने. जानेवारीतसुद्धा दुपारी तो इथे क्षितिजापासून पन्नास अंशांच्या वर असतो, आणि वर समुद्रवाऱ्याची मदत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या नदीखोऱ्यातल्या गावात ऑक्टोबर 1948 च्या अखेरीला झाकण दिवसेंदिवस उघडलंच नाही. उत्तरेकडच्या प्रदेशातला तिरपा सूर्य, दाट धुकं, आणि झाकणाखाली जस्ताचा व पोलादाचा कारखाना चालू. वीस माणसं मेली. आपल्याकडे तसं होण्याची शक्यता कमी, पण दमेकऱ्याला रोजचे तीन तासही पुरतात.

आळीच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं तेव्हा पहिला राग माझ्यावरच निघाला. साडेसहाचा धूर आपलाच आहे, हे कोणाला ऐकायचं नव्हतं. "म्हणजे आता आंघोळीही करायच्या नाहीत का?" असं एका वहिनींनी विचारलं. चुली बंद करा असं माझं म्हणणंच नव्हतं. पाणी तापवायला वाळलेलं लाकूड वापरलं आणि नुसता झाडलोटीचा पातेरा दुपारवर ढकलला, तरी पहाटेच्या चाळीस किलोंतला मोठा वाटा जातो. शाळेला विनंती केली, की निरभ्र गारठ्याच्या दिवसांत मैदानावरची कवायत पहिल्या तासाऐवजी शेवटच्या तासाला घ्यावी. ती त्यांनी मानली. कारखान्याला नऊ ते दहाच्या मोजणीचं पत्र दिलं. पोच मिळाली आहे.

पातेऱ्याचं मात्र थोडंफार जमलं. बापू आता दुपारी तीनला अंगण झाडून पेटवतात. धूर माडांच्या वर सरळ निघून जातो, झाकणबिकण काही नाही. पण त्या वेळेला खाडीकडून वारा सुटलेला असतो, आणि गेल्या आठवड्यात पूर्वेकडच्या वहिनी माझ्या ओट्यावर आल्या होत्या. त्यांच्या वाळत घातलेल्या धुतल्या चादरींना धुराचा वास लागतो म्हणून.